एका डोळ्याला दिसेनासं झालं की ते मायग्रेनच का? ‘रेटिनल मायग्रेन’ या नावामागची गोष्ट

अर्धशिशीवाल्यांपैकी कितीतरी जण डॉक्टरांना सांगतात, ‘उजव्या डोळ्यापुढे चमचमत्या वाकड्यातिकड्या रेघा आल्या, वीस मिनिटं नीट दिसलं नाही, मग डोकं धरलं.’ मीही अनेक वर्षं असंच सांगायचो. शेवटी एका डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी विचारलं, ‘उजवा झाकून बघितलंत का कधी?’ नव्हतं बघितलं. पुढच्या वेळी बघितलं, उजवा झाकला तरी रेघा तिथेच, डावा झाकला तरी तिथेच. म्हणजे बिघाड डोळ्यात नव्हताच, मेंदूत होता.

ही साधी झाकाझाक नवीन नाही. विल्यम वोलॅस्टन नावाचा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ (पॅलॅडियम शोधणारा तोच) 1824 च्या लेखात लिहितो की दारावरचं JOHNSON हे नाव वाचताना त्याला फक्त SON दिसलं, डावीकडचा भाग गायब, आणि कुठल्याही डोळ्याने बघितलं तरी तेच. त्याच्या त्रासाचं मूळ कारण काय ते सोडा, पण त्यावरून त्याने बरोबर ओळखलं की दोन्ही डोळ्यांच्या नसा वाटेत अर्ध्या-अर्ध्या एकमेकींना ओलांडतात. त्यामुळे मेंदूच्या डाव्या बाजूला दोन्ही डोळ्यांचं उजवीकडचं दृश्य पोचतं. मायग्रेनच्या या चमचमत्या रेघा म्हणजे ऑरा, तो तिथेच, मेंदूच्या मागच्या भागात होतो, म्हणून तो एका बाजूला दिसतो आणि आपल्याला वाटतं एका डोळ्याला झालाय.

मग खरंच एकाच डोळ्याचं काय? 1882 मध्ये पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ झेवियर गॅलेझोव्स्की यांनी मायग्रेनचा डोळ्याशी संबंध जोडणारे पेशंट मांडले, त्यात काहींच्या रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या बंद होऊन नजर कायमची गेली होती. ‘रेटिनल मायग्रेन’ हे नाव मात्र 1970 च्या सुमारास रुळलं, आणि मग ते इतकं सोयीचं ठरलं की एका डोळ्याला थोडा वेळ दिसलं नाही आणि आधी कधी डोकं दुखलेलं असलं की चिकटवा लेबल, असंच होऊ लागलं. 2007 मध्ये हिल आणि सहकाऱ्यांनी आधी छापून आलेल्या केसेस पुन्हा तपासल्या आणि लेखाचं नावच ठेवलं की असं लेबल लागलेल्या बहुतेक केसेस मायग्रेनच्या नाहीतच. मला त्यांचं पटतं.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची 2018 ची आवृत्ती म्हणूनच कडक आहे: त्रास एकाच डोळ्याचा, पूर्ण बरा होणारा, आणि तो एकाच डोळ्याचा आहे हे अटॅक चालू असताना तपासून किंवा पेशंटने नीट समजावून दिल्यावर काढलेल्या चित्रावरून सिद्ध झालेलं. शिवाय तीनपैकी निदान दोन गोष्टी हव्यात: पाच मिनिटं किंवा जास्त वेळ घेऊन हळूहळू पसरणं, 5 ते 60 मिनिटं टिकणं, सोबत किंवा तासाभरात डोकं दुखणं. आणि बाकी कारणं वगळलेली.

‘बाकी कारणं’ हाच खरा मुद्दा. 1959 मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी, पेशंटच्या एका डोळ्याची नजर गेलेली असतानाच आत बघितलं आणि त्यांना पडद्याच्या धमन्यांतून सरकणारे पांढरे कण दिसले. म्हणजे काही मिनिटांची ती अंधारी मायग्रेनची नव्हती, गुठळीची होती. असा गुठळीचा झटका सहसा क्षणात येतो, पडदा पडल्यासारखा, डोकं न दुखता, आणि आकृत्या-रेघा काही दिसत नाहीत, नुसतं काळं किंवा राखाडी. ऑरा रेंगाळत येतो: आधी एक ठिपका, मग कडेने चमचम, मग पसरत जाऊन बाजूला सरकतो. हा हळूपणा ओळखायला फार कामाचा आहे, पण त्यावरूनही शंभर टक्के खात्री मिळत नाही.

समजा 58 वर्षांच्या एका काकांना भाजी चिरताना डाव्या डोळ्याला वरून पडदा उतरल्यासारखं झालं, चार मिनिटांत नजर परत आली, दुखलं काहीच नाही. तरुणपणी अर्धशिशी होती म्हणून घरचे म्हणतात, ‘तेच असेल, झोपा.’ इथे झोपायचं नाही, मेंदूच्या झटक्याची सोय असलेल्या हॉस्पिटलला त्याच दिवशी जायचं, मानेच्या धमन्या, हृदय, बीपी, साखर तपासतात. पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखत असेल, डोक्याची कातडी हुळहुळी झाली असेल तर ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या लगेच, कारण असा त्रास डोक्याच्या धमनीला सूज आल्याचा असू शकतो आणि ती सूज दुसरा डोळाही घेऊन जाते. आणि नजर परतच आली नाही तर तासांचा हिशेब असतो, उद्याची अपॉइंटमेंट नको.

अचानक भरपूर काळे ठिपके, कडेला विजेसारखे चमके आणि एका कोपऱ्यातून सावली पुढे येतेय, तर पडदा सुटतोय का ते बघायला बाहुली मोठी करून तपासणी, तीही त्याच दिवशी. लाल डोळा, तीव्र दुखणं, दिव्यांभोवती रंगीत वलयं आणि मळमळ असेल तर काचबिंदूचा झटका असू शकतो. त्यातली मळमळ-डोकेदुखी बघून हमखास मायग्रेनची गोळी घेतली जाते आणि वेळ जातो.

बाकी पुढच्या वेळी रेघा आल्या तर घाबरून बसण्याआधी एक एक डोळा झाकून बघा, कागदावर जसं दिसतंय तसं काढा आणि घड्याळ बघा. माझ्या डॉक्टरांनी तो वेडावाकडा कागद फाइलला लावून ठेवलाय.