आर्ब दिसणं वेगळं, आर्ब लागणं वेगळं

दोन बुकींच्या भावांत फट असली की दोघांकडे विरुद्ध निकालांवर पैज लावून, कोणीही जिंको, नफा काढता येतो; ह्यालाच आर्ब म्हणतात. अशी फट दिसली की ‘पक्का नफा’ म्हणून लोक मोकळे होतात. पक्का असतो तो हिशेब, आणि तोही दोन्ही पैजा त्याच भावाला लागल्या तरच.

टेनिसचा सामना घ्या, निकाल दोनच. एका बुकीकडे पहिल्या खेळाडूचा भाव २.१०, दुसऱ्याकडे दुसऱ्या खेळाडूचा २.०५. मूळ रक्कम धरून एकाचे किती परत मिळतील, ते हे आकडे सांगतात. १ ला दोन्ही भावांनी भागून बेरीज केली की ०.४७६ + ०.४८८ = ०.९६४. बेरीज १ च्या खाली, म्हणजे फट आहे. १०,००० लावायचे तर त्याच प्रमाणात वाटणी होते: ४,९४० आणि ५,०६०. कोणीही जिंको, साधारण १०,३७४ परत येतात.

आता प्रत्यक्षात काय होतं पाहा. ४,९४० ची पैज लागली. दुसऱ्या बुकीकडे रक्कम टाकून बटण दाबलं, तर स्क्रीनवर ‘भाव बदलला आहे’. नवा भाव १.८५. ह्या क्षणी तुमच्याकडे आर्ब नाही, एका खेळाडूवरची साधी पैज आहे.

इथे घाईत बरेच जण ठरलेले ५,०६० च लावतात. मग पहिला जिंकला तर ३७४ नफा, दुसरा जिंकला तर ६३९ तोटा. भाव बदलला की रक्कमही बदलायला हवी: १०,३७४ ÷ १.८५ = सुमारे ५,६०८. एवढे लावले तर निकाल काहीही लागो, तोटा १७४ वर थांबतो. ना नफा ना तोटा अशी रेषाही आधीच काढता येते: २.१० ÷ १.१० = १.९१. दुसरा भाव ह्याखाली गेला की फट संपली. मी तर पहिली पैज लावण्याआधी हा आकडा समोर लिहून ठेवीन.

आधी कुठली पैज लावायची, हा प्रश्न मला हिशेबापेक्षा मोलाचा वाटतो. फट बहुधा पडते ती एक बुकी मागे राहिल्यामुळे: बाकी बाजार सरकला, ह्याचा भाव जुनाच आहे. आपल्या उदाहरणात २.१० जुना असेल, तर तो आधी घ्यावा. दुसरी पैज हुकली तरी हातात बाजारापेक्षा चढा भाव राहतो, आणि १७४ देऊन सुटायचं की पैज तशीच ठेवायची, हे तुम्ही ठरवू शकता. उलट क्रमाने गेलात तर २.०५ घेईपर्यंत २.१० उतरतो, आणि उरते बाजारभावाची पैज.

मात्र फट फारच मोठी दिसली, तर तो भाव बुकीची उघड चूकही असू शकतो. अशा पैजा रद्द करण्याची मुभा बरेच बुकी नियमांत ठेवतात. रद्द होते फक्त त्यांच्याकडची. दुसऱ्या बुकीकडची तशीच चालू राहते.