चित्राची केबल वेगळी, यूएसबीची वेगळी

मॉनिटरच्या यूएसबी पोर्टला माउस लावला, त्याच्या पोटातला लाल दिवा लागला, पण पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही. मग 'पोर्ट खराब आहे' म्हणून तक्रार! महिन्यातून दोनदा तरी मला हे ऐकावं लागतं. पोर्ट धडधाकट असतो. मॉनिटरच्या खोक्यातली एक केबल प्लास्टिकमधून बाहेरच आलेली नसते, एवढंच.

एचडीएमआय तुम्हाला माहीत आहे, कॉम्प्युटरमधून चित्र आणि आवाज मॉनिटरकडे नेते. माउसच्या हालचाली कॉम्प्युटरकडे परत आणणं हे तिचं काम नाही, त्यासाठी तिच्यात तारच नाही. डिस्प्लेपोर्टच्या नेहमीच्या केबलचंही तेच.

मॉनिटरच्या आत असतो एक साधा यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा जोड, बाजारात सुटा मिळतो तसाच. सुट्या हबला शेपटी असते आणि ती कॉम्प्युटरला लावायची हे कुणाला सांगावं लागत नाही. मॉनिटरमधल्या हबची शेपटी म्हणजेच खोक्यात राहिलेली ती केबल. ती कॉम्प्युटरच्या दिशेने जाते म्हणून तिला अपस्ट्रीम म्हणतात. तिचं एक टोक प्रिंटरसारखं चौकोनी असतं, ते मॉनिटरला. दुसरं नेहमीचं चपटं, ते कॉम्प्युटरला. यूएसबी 3 च्या चौकोनावर वर एक छोटा मजला चढवलेला असतो. त्यात प्रिंटरची जुनी केबल बसते आणि चालते, फक्त वेग 480 मेगाबिटवर अडकतो.

मग दिवा का लागला? कारण वीज आणि डेटा या दोन गोष्टी आहेत. वीज मॉनिटर स्वतःच्या प्लगमधून देतो, म्हणून काही मॉनिटरवर केबलविना फोनसुद्धा चार्ज होतो. पण यूएसबीमध्ये माउस आपणहून बोलत नाही. कॉम्प्युटर विचारतो, मगच तो उत्तर देतो. विचारणाराच जोडलेला नसेल तर माउस दिवा लावून गप्प बसतो. खात्री करायची असेल तर लिनक्सवर केबल लावण्याआधी आणि नंतर हे चालवा:

```
lsusb
```

केबल लावल्यावर यादीत नवा हब दिसला पाहिजे.

'माझ्या लॅपटॉपला तर एकाच केबलवर सगळं चालतं' असं कुणीतरी म्हणणारच. चालतं, कारण ती दोन्ही टोकांना यूएसबी-सी असते आणि चित्र, यूएसबी डेटा नि वीज एकाच वेळी नेते. त्यासाठी लॅपटॉपचा तो पोर्ट चित्र देणारा आणि मॉनिटरचा सी पोर्ट अपस्ट्रीम असावा लागतो. यूएसबी-सी ते एचडीएमआय केबल मात्र निव्वळ चित्राची. एका टोकाला सी दिसलं म्हणून फसू नका. तिच्या जोडीला चौकोनी केबल लागतेच.

मला विचाराल तर डेस्कटॉपवाल्याने मॉनिटर बसवतानाच ती लावून टाकावी. भिंतीला टेकवलेल्या मॉनिटरमागे नंतर चाचपडत चौकोनी भोक शोधणं म्हणजे नुसता वैताग.