सलूनचं सामान: काय नवं घ्यावं, काय जुनं चालेल, भाडं कधी परवडतं

आमच्याकडे तिन्ही प्रकारचा माल मिळतो, त्यामुळे अमुकच घ्या असा आग्रह नाही. आम्ही एवढंच बघतो की वस्तूची झीज कुठे होते आणि ती विकत घेण्याआधी दिसते का.

खुर्चीची झीज दिसते, म्हणून पैसे वाचवायचे तर खुर्चीत वाचवा. फाटलं रेक्झिन बघून नाक मुरडू नका, ते बदलता येतं. खरा जीव हायड्रॉलिक पंपात. खुर्ची पूर्ण वर घ्या, वजनदार माणूस बसवा आणि सीटच्या उंचीला मागच्या भिंतीवर पेन्सिलीची खूण करा. दहा मिनिटांत सीट खुणेखाली उतरली तर पंपाचं सील गेलंय. बुडाशी तेलाचा चिकट डाग असेल तरी तेच समजा. मग पाठ मागे पाडून लॉक करा आणि जोर देऊन बघा. दाढी चालू असताना पाठ हलली तर वस्तरा कुठे जाईल, ते सांगायला नको.

स्टीमरचं उलटं आहे. बोअरच्या पाण्याचा क्षार आत कॉइलवर बसतो आणि बाहेरून यंत्र चकाचक दिसतं. असा स्टीमर वाफेबरोबर उकळत्या पाण्याचे थेंब उडवतो, तेही गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर. म्हणून जुना स्टीमर आम्ही विकतच नाही. नव्यातही डिस्टिल्ड वॉटरच वापरा आणि खुणेच्या वर भरू नका. जास्त भरला तर नवासुद्धा थुंकतो.

हँड ड्रायर नवाच घ्या. जुन्याची मोटर किती चालली हे कळत नाही, आणि वाचतात ते शे-पाचशे.

आता हिशेब. आकडे उदाहरणादाखल धरा, ब्रँडप्रमाणे बदलतील. दोन नव्या खुर्च्या प्रत्येकी १४,००० प्रमाणे २८,००० रुपये. जुन्या ६,५०० ला एक, वर फोम-रेक्झिनचे १,८००, म्हणजे दोन्ही मिळून १६,६००. वाचले ११,४००. त्यातून ४,००० चा नवा स्टीमर आणि प्रत्येकी २,५०० चे दोन ड्रायर आले, तरी २,४०० उरले. ते पंपाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा.

हीच नवी खुर्ची महिना १,१०० भाड्याने घेतली तर तेराव्या महिन्यात भाडं किमतीच्या पुढे जातं, आणि खुर्ची आमचीच राहते. वर जीएसटी वेगळा. त्यामुळे रोज लागणारी वस्तू भाड्याने नको. मात्र लग्नसराईचे तीन महिने जादा हूड ड्रायर हवा असेल, किंवा हेअर स्पा चालेल की नाही याचा अंदाज घ्यायचा असेल, तर भाडंच बरं. सही करण्याआधी करारात तीन गोष्टी शोधा: किमान किती महिने बांधील राहायचं, बिघाड झाल्यास बदली यंत्र किती दिवसांत मिळणार आणि डिपॉझिटमधून काय कापणार. आमच्या करारातही हेच बघा.

जुनी खुर्ची पाहायला याल तेव्हा एखादा धिप्पाड मित्र सोबत आणा. पेन्सिल आम्ही देऊ.