दाव्यांचे सौम्यीकरण (आरोग्यविषयक खाद्यपदार्थ)

आरोग्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थाच्या वर्णनातली अतिशयोक्ती काढून त्यात सिद्ध करता येईल तेवढेच ठेवणे, याला दाव्यांचे सौम्यीकरण म्हणतात. 'सौम्य' हा शब्द थोडा फसवा आहे. 'रामबाण' खोडून 'गुणकारी' लिहिले की काम झाले असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात सूर बदलून भागत नाही, वाक्य कशाविषयी आहे तेच बदलावे लागते.

उदाहरणादाखल पुण्यातला एक काल्पनिक गृहउद्योग घेऊ. नव्वद टक्के नाचणी आणि दहा टक्के मेथी दळून केलेले भाकरीचे पीठ तो विकतो. पाकिटावर मजकूर असा: "मधुमेहावर रामबाण! सात दिवसांत साखर आटोक्यात. १००% नैसर्गिक, शुगर-फ्री, डॉक्टरांनी शिफारस केलेले घरगुती पीठ."

पहिले वाक्य सर्वांत महागात पडणारे. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत ज्या विकारांवरील उपचारांची जाहिरात करता येत नाही, त्यांत मधुमेह आहे. 'आम्ही तर पीठ विकतो, औषध नव्हे' हा बचाव इथे लंगडा पडतो, कारण रोगाच्या उपचारासाठी किंवा प्रतिबंधासाठी म्हणून दिलेला कोणताही पदार्थ या कायद्याच्या दृष्टीने औषध ठरतो. म्हणजे पिठाचे औषध गिरणीत होत नाही, पाकिटावरच्या वाक्याने होते. जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टन येतेच, शिवाय तोंडी घोषणाही येते. तेव्हा तुळशीबागेत स्टॉलवर उभे राहून ओरडलेले वाक्यही त्यातून सुटत नाही. पहिल्या दोषसिद्धीला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अन्न म्हणून पाहिले तरी सुटका नाही: अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

इथे हमखास केली जाणारी दुरुस्ती म्हणजे "साखर नियंत्रणात ठेवण्यास मदत करते". क्रियापद मवाळ झाले, पण दावा रोगाविषयीचाच राहिला. "मधुमेहींसाठी खास" हे त्याचेच आणखी सभ्य रूप. खाली बारीक अक्षरांत "हे औषध नाही" असे छापल्यानेही वरचा ठळक दावा पुसला जात नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: वाक्य वाचून एखाद्या काकूंना गोळी बंद करावीशी वाटेल का? वाटत असेल, तर ते वाक्य अजून उपचाराचेच आहे. "आमच्या एका ग्राहकाच्या गोळ्या सुटल्या" हा अनुभव म्हणूनच सगळ्यांत घातक.

'शुगर-फ्री'ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. २०१८ च्या जाहिराती व दावे विनियमांप्रमाणे घन पदार्थात दर १०० ग्रॅममागे शर्करा अर्ध्या ग्रॅमहून अधिक नसेल तरच तो शब्द वापरता येतो. प्रयोगशाळेच्या अहवालात आकडा त्यात बसला, तरी नाचणीच्या दर १०० ग्रॅममध्ये सुमारे ६७ ग्रॅम कर्बोदके असतात, मुख्यतः पिष्ट, आणि पचनानंतर त्याचे ग्लुकोजच होते. शब्द अहवालापुरता खरा, पण वाचणाऱ्याला ऐकू येते ते 'रक्तातली साखर वाढणार नाही' असे. तो सोडलेलाच बरा. "साखर घातलेली नाही" हेही पोकळ, कारण भाकरीच्या पिठात साखर कोणीच घालत नाही.

बाकीचे शब्द लवकर आटोपतात. 'नैसर्गिक' हा शब्द काहीही न मिसळलेल्या एकाच पदार्थाला लावता येतो. इथे दोन घटक आहेत, त्यामुळे फार तर 'नैसर्गिक घटकांपासून'. डॉक्टरांची शिफारस सांगायला मनाई आहे, मग ती खरी असो वा नसो. गैरसमज होईल असा 'घरगुती'ही टाळायचा. पुण्यात हे सर्वांना जड जाते.

मग उरते काय? उरते ते बरेच आहे. नाचणीत दर १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात आणि मेथीत त्याहून कितीतरी जास्त. 'तंतूंनी भरपूर' म्हणायला ६ ग्रॅम पुरतात. मात्र पुस्तकातला आकडा छापायचा नाही. तयार मिश्रण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून जो येईल तोच छापायचा, कारण पीठ चाळले की कोंड्याबरोबर तंतूही जातात. अहवालात १४ ग्रॅम आले असे धरले, तर वर्णन असे होईल:

"नाचणी (९०%) आणि मेथी (१०%) यांचे न चाळलेले पीठ. तंतूंनी भरपूर: दर १०० ग्रॅममध्ये १४ ग्रॅम. चव किंचित कडसर. भाकरी गरम पाण्यात उकड काढून थापावी, म्हणजे चिरत नाही."

यातले शेवटचे वाक्य कायद्याने मागितलेले नाही. 'रामबाण' काढल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत ते बसले आहे.