भागीदारीतला नफा: पैसे किती आणि किती महिने?

मार्चअखेर वह्या घेऊन आमच्याकडे येणारे भागीदार बहुतेक वेळा म्हणतात, “ज्याचे जेवढे पैसे, तेवढा त्याचा नफा.” वर्षभर कोणी पैशाला हात लावला नसेल तर हे बरोबर आहे. पण मध्येच कोणी भर घातली किंवा काढून घेतले, की महिनेही मोजावे लागतात.

समजा, पिंपळगावच्या बाजूला द्राक्षाच्या पॅकिंगचं साहित्य पुरवणारे तिघे आहेत. दादांचे ४ लाख एप्रिलपासून मार्चपर्यंत धंद्यातच होते. मेहुणे १ ऑक्टोबरला ६ लाख घेऊन आले. मित्राने एप्रिलला ५ लाख घातले, पण सप्टेंबरअखेर मुलीच्या लग्नासाठी ३ लाख काढून घेतले. वर्षाचा नफा २,५२,००० रुपये.

आता रक्कम गुणिले महिने. दादांचे ४ × १२ म्हणजे ४८. मेहुण्यांचे ६ × ६ म्हणजे ३६. मित्राचा हिशोब दोन तुकड्यांत: पहिले सहा महिने ५ लाख म्हणजे ३०, पुढचे सहा महिने उरलेले २ लाख म्हणजे १२, मिळून ४२. एकूण १२६. नफ्याला १२६ ने भागलं की एका वाट्याला २,००० येतात. म्हणून दादांना ९६,०००, मेहुण्यांना ७२,००० आणि मित्राला ८४,०००. तिन्हींची बेरीज नफ्याइतकी येते का, ते तिथेच तपासा.

नेहमीची चूक म्हणजे मार्चअखेरची शिल्लक बघून वाटणी करणं. इथे ती शिल्लक ४, ६ आणि २ लाख. त्या प्रमाणात मेहुण्यांना १,२६,००० मिळाले असते आणि मित्राला फक्त ४२,०००, म्हणजे त्याच्या खऱ्या वाट्याच्या निम्मे!

मात्र हा हिशोब करारपत्रात लिहिलेला हवा. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम १३ प्रमाणे वेगळं काही ठरलं नसेल तर नफा सगळ्यांना सारखा, म्हणजे प्रत्येकी ८४,०००. पैसे किती आणि कधी घातले, हे तिथे बघितलं जात नाही. तोंडी बोलण्यावर विसंबलेल्या घरच्या भागीदाऱ्यांत कटकट इथूनच सुरू होते.

या रीतीत एक गोष्ट गृहीत आहे: नफा दर महिन्याला सारखा होतो. द्राक्षाच्या धंद्यात तसं नसतं. खरी विक्री जानेवारीनंतर, आणि तेव्हा मेहुण्यांचेच पैसे जास्त गुंतलेले. त्यांनी तक्रार केली तर आम्ही तिला उगाच म्हणणार नाही. अशा धंद्यात सप्टेंबरअखेर एकदा हिशोब बंद करून दोन सहामाहींचा नफा वेगवेगळा वाटावा, असं आमचं मत. तेही करारात आधीच लिहून ठेवावं, नफा दिसल्यावर नाही.

पैसे महिन्याच्या मध्यात आले असतील तर महिन्यांऐवजी दिवस धरा, सगळ्यांसाठी एकाच पद्धतीने. येताना बँकेचं स्टेटमेंट आणा. “दिवाळीच्या सुमारास दिले होते” एवढ्यावर आम्हाला दिवस मोजता येत नाहीत.