चलनवाढ आणि मूळ किमतीवरचे हिशेब

धंद्याची मालमत्ता ज्या दिवशी घेतली त्या दिवशीच्या किमतीने वहीत धरायची आणि पुढे तीच किंमत खर्ची टाकत जायची, या पद्धतीला ऐतिहासिक किंवा मूळ किमतीचे लेखांकन म्हणतात. बिलावरचा आकडा वहीत जातो, त्यामुळे वाद कमी होतात आणि लेखापरीक्षकाला पुरावा मिळतो. भाव स्थिर असतील तर ही पद्धत चोख चालते. चलनवाढीत मात्र विक्री आजच्या रुपयात येते आणि तिच्यासमोर खर्च मांडला जातो तो काही महिने किंवा काही वर्षे जुन्या रुपयात. नफा म्हणजे या दोहोंतला फरक, त्यामुळे तो फुगतो.

एक काल्पनिक उदाहरण आकड्यांसह पाहू. इचलकरंजीत स्वतःचे सूत विकत घेऊन ग्रे कापड विणणारा एक कारखाना आहे. वर्षाच्या सुरुवातीला त्याच्या गोदामात ४० टन सूत पडून आहे. ते २५० रुपये किलोने घेतलेले, म्हणजे १ कोटीचे. वर्षभरात सुताचा भाव ३०० रुपयांवर गेला. वर्षअखेरीलाही गोदामात ४० टनच सूत आहे, पण वहीत त्याची किंमत १ कोटी २० लाख लागली. कारखान्याकडे एक किलोही सूत वाढलेले नाही, तरी हिशेबाच्या रीतीनुसार हे २० लाख नफ्यात मोजले गेले. आधी आलेला माल आधी गेला असे धरण्याच्या पद्धतीत, म्हणजे फिफोमध्ये, हा परिणाम पुरेपूर दिसतो. भारित सरासरीने तो थोडा कमी होतो, इतकेच. शेवटी आलेला माल आधी गेला असे धरणारी लिफो पद्धत हा फुगवटा बराचसा टाळते, पण भारताच्या साठ्याविषयीच्या लेखा मानकातून ती १९९९ मध्ये वगळली गेली.

दुसरा फुगवटा घसाऱ्यातून येतो. या कारखान्याने आठ वर्षांपूर्वी १ कोटी २० लाखांचे माग बसवले. आयुष्य १२ वर्षे धरले, म्हणून दरवर्षी १० लाख घसारा पडतो. तेच माग आज घ्यायचे तर २ कोटी १० लाख लागतील. वर्षभरात मागांची जी झीज झाली तिचे आजचे मोल साडेसतरा लाख आहे, पण खर्ची पडले दहा लाख. साडेसात लाखांची झीज कुठेच नोंदली गेली नाही.

नफा-तोटा पत्रकात करपूर्व नफा ५० लाख दिसतो. त्यातून साठ्याचे २० लाख आणि घसाऱ्याचे साडेसात लाख वजा केले, तर खरी कमाई साडेबावीस लाख उरते. कर मात्र ५० लाखांवर बसतो. सोयीसाठी दर २५ टक्के धरला, तर तो साडेबारा लाख होतो, म्हणजे खऱ्या कमाईच्या निम्म्याहून जास्त. मालकाच्या हाती खरे तर १० लाखच राहिले आहेत, पण वही करोत्तर नफा साडेसदतीस लाख दाखवते. तो विश्वासाने त्यातले २० लाख घरी नेतो. यातले १० लाख कमाईचे नसून भांडवलाचे आहेत, आणि पुढच्या हंगामात तेवढेच सूत भरायला तो बँकेकडे कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागतो. ‘नफा आहे तर पैसे कुठे गेले?’ हा प्रश्न सीएला दर चलनवाढीत ऐकावा लागतो. पैसे गोदामात आणि उधारीत अडकलेले असतात. उधारीचेही तसेच आहे: तितकेच मीटर कापड तितक्याच दिवसांच्या उधारीवर विकायचे तरी येणे फुगते, आणि ते पेलायला जादा पैसा लागतो.

कर्ज मात्र उलट्या बाजूने काम करते. बँकेचे कर्ज ठरलेल्या रुपयांत फेडायचे असते. त्या रुपयांची किंमत घटली की मालकाचा फायदा आणि ठेवीदाराचा तोटा होतो. व्याजदरात चलनवाढ आधीच धरलेली असेल, तर हा फायदा व्याजातून आधीच मोजून दिलेला असतो. म्हणूनच ‘चलनवाढीने सगळ्यांचेच नफे खोटे ठरतात’ हे विधान ढोबळ आहे. कर्जाने चालणारा आणि साठा न ठेवणारा धंदा यात फारसा पोळत नाही. साठा आणि यंत्रे दोन्ही स्वतःच्या पैशाने बाळगणारा सर्वांत जास्त पोळतो.

या प्रश्नाची खरी कसोटी ब्रिटनमध्ये लागली. १९७५ मध्ये तिथे किरकोळ किमती २४ टक्क्यांच्या आसपास वाढल्या. त्याआधीच, १९७४ मध्ये, कंपन्या साठ्याच्या वाढलेल्या किमतीवर कर भरून रोकडीला मोताद झाल्या होत्या, आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये अर्थमंत्री डेनिस हीली यांना साठ्याच्या मूल्यवाढीवर करसवलत द्यावी लागली. हिशेबात सुधारणा कशी करायची यावर मात्र दोन मते होती. लेखापालांच्या संस्थांचा कल सगळे आकडे सर्वसाधारण किंमत निर्देशांकाने गुणण्याकडे होता. सरकारने नेमलेल्या फ्रान्सिस सँडिलँड्स यांच्या समितीने १९७५ मध्ये ते नाकारले आणि प्रत्येक वस्तूची आजची विशिष्ट किंमत धरावी, असे सुचवले. समितीच्या बाजूचा युक्तिवाद सोपा आहे. निर्देशांक २० टक्के वाढला म्हणून सुताचा भाव तितकाच वाढतो असे नाही, आणि संगणकासारखी यंत्रे तर स्वस्तही होतात.

पुढे वाट खडतर होती. १९७७ मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या सनदी लेखापालांनी सभेत मतदान करून आजच्या किमतीच्या हिशेबाच्या सक्तीला विरोध केला. १९८० मध्ये आलेल्या मानकाने मोठ्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना विकलेल्या मालाचा खर्च, घसारा, उधारीसह चालू भांडवल आणि कर्जाचा वाटा अशा चार दुरुस्त्या सांगितल्या. तोवर चलनवाढ उतरू लागली होती. कर जुन्याच आकड्यांवर बसत होता, आणि ‘आजची किंमत’ ठरवण्यात कंपनीच्या अंदाजाला भरपूर वाव होता. १९८५ मध्ये सक्ती गेली, १९८८ मध्ये मानकही मागे घेतले गेले. सक्ती गेली याचे माझ्या मते खरे कारण पद्धतीतली चूक नसून उतरलेले भाव हे होते. दुखणे थांबले की औषध कोण घेतो?

आंतरराष्ट्रीय मानकांत आज चलनवाढीसाठीची दुरुस्ती फक्त अतिचलनवाढीच्या देशांना सक्तीची आहे. तीन वर्षांत किमती मिळून १०० टक्क्यांजवळ किंवा वर गेल्या, हे त्याचे मुख्य लक्षण. तुर्कस्तानातल्या कंपन्या २०२३ च्या वर्षअखेरीपासून अशी पत्रके मांडतात. सौम्य चलनवाढीत मात्र काहीच दुरुस्ती होत नाही, आणि दरसाल ५ टक्क्यांनीही दहा वर्षांत किमती ६३ टक्क्यांनी वाढतात. साठा वेगाने फिरत असेल तर त्यातला फुगवटा अशा वेळी नगण्य राहतो. घसाऱ्यातला फुगवटा साचत जातो.

तो ओळखायला ताळेबंदाच्या टिपा पुरतात. आजवरचा एकूण घसारा यंत्रांच्या मूळ किमतीच्या ७० टक्क्यांवर गेला असेल, तर यंत्रे जुनी आहेत आणि घसारा जुन्या किमतींवर चालला आहे. साठ्याची टनांतली वाढ आणि रुपयांतली वाढ शेजारी ठेवावी. कामकाजातून आलेली रोकड नफ्यापेक्षा सतत कमी आहे का तेही पाहावे, पण धंदा खरोखर वाढत असला तरी तेच चित्र दिसते. म्हणून टन किंवा मीटरचे आकडे मागितल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.