अतिरिक्त पुरावा कशाला म्हणायचे? पहिल्या अपिलातल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

आयकराच्या पहिल्या अपिलाचा जुना इतिहास लांबलचक आहे, पण आज अपील लिहायला बसणाऱ्याला त्यातले फारसे लागत नाही. १९२२ च्या कायद्यातही वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येत होती. १९६१ च्या कायद्यात ती सोय राहिली आणि १९७८ पासून आयुक्त दर्जाचा अधिकारी अपिले ऐकू लागला. कामाला येणारी गोष्ट १९७३ मध्ये घडली. त्या वर्षी नियम ४६-अ आला आणि मूल्यांकनाच्या वेळी न दिलेला कागद अपिलात दाखल करण्यावर बंधन पडले. 'अॅडिशनल एव्हिडन्स' या शब्दाचा गुंता तिथून सुरू होतो.

नियमाने चार दारे उघडी ठेवली. अधिकाऱ्याने घ्यायला हवा होता तो पुरावा नाकारला. त्याने मागितलेला पुरावा सबळ कारणामुळे देता आला नाही. त्याने मागितला नव्हता, पण अपिलाच्या मुद्द्याशी संबंधित असलेला पुरावा सबळ कारणामुळे देता आला नाही. किंवा पुरेशी संधी न देताच आदेश निघाला. यांपैकी एकही नसेल तर अपील ऐकणारा कागद बाजूला ठेवू शकतो. घ्यायचा ठरवला तर कारण लेखी नोंदवायचे आणि मूल्यांकन अधिकाऱ्याला तो तपासायची संधी द्यायची. त्या तपासणीचा अहवाल म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला 'रिमांड रिपोर्ट'.

२००१ पर्यंत हे फार बोचत नव्हते. अपील ऐकणाऱ्याला आदेश रद्द करून प्रकरण पुन्हा खालच्या अधिकाऱ्याकडे पाठवता येई, त्यामुळे राहिलेला कागद तिथे दाखवायची संधी मिळे. १ जून २००१ पासून तो अधिकार गेला. मग जे काही दाखवायचे ते अपिलातच दाखवणे भाग पडले, आणि नियम ४६-अ दाराशी उभ्या पहारेकऱ्यासारखा झाला. त्याआधीच, १९९८ च्या एका निकालात, मुंबई उच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली होती. हा नियम अपीलकर्त्याला बांधतो. अपील ऐकणाऱ्याला स्वतःहून चौकशी करण्याचा कायद्याने दिलेला अधिकार तो काढून घेत नाही. या निकालाचा आधार सोलापुरातल्या अपिलांत जितका घ्यायला हवा तितका घेतला जात नाही, असे माझे मत आहे.

पण गुंता वेगळ्याच ठिकाणी आहे. अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटलेला कागद आणि त्याला कधी दिलाच नव्हता तो कागद, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियम फक्त दुसऱ्याला लागतो. आपल्याकडे मात्र आदेश विरोधात गेला की सगळे कागद एकाच गठ्ठ्यात बांधून वर 'अतिरिक्त पुरावा' असे लिहायची सवय पडली आहे. म्हणजे 'हे आम्ही आधी दिलेच नव्हते' अशी कबुली आपल्याच हाताने द्यायची.

एक कल्पित प्रकरण पाहू. अक्कलकोट रोडवरचा एक टॉवेल कारखानदार. आर्थिक वर्ष २०१९-२० मध्ये चालू खात्यात १७,६०,००० रुपये रोख भरले. अधिकाऱ्याने 'स्पष्टीकरण नाही' असे लिहून सगळी रक्कम कलम ६९-अ खाली उत्पन्नात धरली. त्या वर्षी अशा रकमेवर साठ टक्के कर, त्यावर अधिभार आणि उपकर, मिळून ७८ टक्के. वजावट काही नाही. प्रत्यक्षात ११,२०,००० ही दुकानातली रोख विक्री होती आणि तिची रोजकीर्द पोर्टलवर दिलेली होती. ४,८०,००० मजुरीसाठी त्याच खात्यातून काढले होते, पण कामगार गावी गेले म्हणून परत भरले. तेच बँक स्टेटमेंट अधिकाऱ्यापुढे होते. त्याने जमेची बाजू पाहिली, नावेची पाहिली नाही. उरलेले १,६०,००० चार जुने माग विकून आले. घेणारा परगावचा, त्याची सहीची पावती आदेश निघाल्यावर हाती आली.

इथे पहिल्या दोन रकमांसाठी नियम ४६-अ चा अर्ज करायचाच नाही. त्यासाठी ई-प्रोसिडिंगमधून उत्तराची पोचपावती उतरवून घ्यायची. तिच्यात तारीख आणि जोडपत्रांची नावे असतात, ती वस्तुस्थितीच्या निवेदनात जशीच्या तशी द्यायची. फाइल चढवली पण शेवटी सबमिट केलेच नाही, असेही घडते. तेव्हा उत्तर मसुद्यातच पडून राहते, पोचपावती निघत नाही, आणि मग तो कागद खरोखरच नवा ठरतो. म्हणून आधी पोचपावती पाहायची, मग मुद्दा लिहायचा.

मुद्दा आणि निवेदन यांची सरमिसळ हीही नेहमीचीच. २०१६ पासून फॉर्म ३५ ऑनलाइन आला तेव्हा त्यात वस्तुस्थितीला एक हजार शब्द आणि प्रत्येक मुद्द्याला शंभर शब्द अशी मर्यादा आली. माझ्या मते ते बरेच झाले. मुद्दा असा पुरतो: 'दाखल केलेल्या रोजकीर्दीतली ११,२०,००० ची रोख विक्री विचारात न घेता तीच रक्कम कलम ६९-अ खाली धरण्यात अधिकाऱ्याने चूक केली आहे.' कोणत्या तारखेला किती विक्री, किती भरणा, हे निवेदनात. परत भरलेल्या रकमेसाठी वेगळा मुद्दा, कारण एक फेटाळला तरी दुसरा टिकायला हवा.

मागाच्या पावतीला मात्र अर्ज लागतो, आणि त्यात चारपैकी कोणते दार ते स्पष्ट लिहावे लागते. अधिकाऱ्याने ती मागितलीच नव्हती, म्हणून तिसरे. शिवाय शेवटच्या नोटिशीला तीन दिवसांचीच मुदत होती, म्हणून चौथेही. अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, अशी विनंतीही आपणच करावी. अहवालाशिवाय पावती स्वीकारली गेली तर विभाग तेवढ्याच कारणावर पुढच्या अपिलात निकाल उलटवू शकतो.

पावती जोडण्याआधी घसाऱ्याचा तक्ता उघडून पाहावा. माग विकल्याचे १,६०,००० यंत्रसामग्रीतून वजा केले नसतील तर पंधरा टक्क्यांनी २४,००० चा घसारा जास्त घेतलेला असतो. अपील ऐकणाऱ्याला नोटीस देऊन उत्पन्न वाढवण्याचाही अधिकार आहे. २४,००० ची चूक आपण आधीच मान्य केलेली बरी.

२०२० पासून अपीलही चेहराविरहित झाले. पूर्वी पुण्याला जाऊन समोरच्याला माग, बीम, मजुरीचा आठवडा समजावता यायचा. आता वाचणारा कुठे बसला आहे हेच कळत नाही. २०२१ च्या सुधारित योजनेत मागणी केल्यास व्हिडिओ सुनावणी द्यावीच लागते. तरी ती मागणारे कमी.

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रकरण परत पाठवण्याचा अधिकार अर्धा परत आला, तोही फक्त उत्तराअभावी अंदाजाने केलेल्या आदेशांसाठी. आपल्या कारखानदाराने उत्तर दिले होते. त्याचा आदेश त्यात बसत नाही, आणि अपिलात 'प्रकरण परत पाठवा' असा मुद्दा घेतला तर त्याचीच पोचपावती त्याच्या विरोधात जाईल. फॉर्म ३५ मधल्या अतिरिक्त पुराव्याच्या प्रश्नाला त्याने 'होय' लिहायचे, पण खालच्या यादीत फक्त मागाची पावती.